सोसायटीचा सुका कचरा कचरावेचक बायकांकडे सोपवताना: हिशेबासकट पद्धत

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, 96 घरांची. तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत कचऱ्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांना एकच उपाय सुचला: एखादी कंपनी नेमा. नेमली. तिचा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा, पुठ्ठा आणि बाटल्या उचलायचा आणि उरलेलं सगळं कोपऱ्यात टाकून जायचा. चार महिन्यांत तो कोपरा असा झाला की पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. मग आम्ही करार मोडला आणि आधीच करायला हवं होतं ते केलं. रोज सकाळी गेटबाहेरच्या डब्यात हात घालणाऱ्या मावशींशी बोललो.

पुढे जे लिहितोय ते त्या अनुभवावरून. एखाद्या सोसायटीला आपला सुका कचरा कचरावेचकांकडे रीतसर सोपवायचा असेल तर काय क्रमाने करायचं, पैसे किती लागतात आणि कुठे फसतं, एवढाच विषय आहे. ओल्या कचऱ्याचं खत हा वेगळा मामला, त्यात इथे शिरत नाही.

आधी बघा, तुमच्या कचऱ्यावर आज कोण जगतंय

ही पायरी सगळे वगळतात आणि भांडणं इथूनच सुरू होतात. मुंबईत कुठल्याही सोसायटीचा कचरा बेवारशी नसतो. एक आठवडा रोज सकाळी सहा ते नऊ खाली थांबा आणि बघा. आमच्याकडे असं दिसलं: ऑनलाइन खरेदीचे खोके वॉचमन बाजूला काढून महिन्याला विकत होता. झाडूवाला घरोघरच्या पिशव्यांतून बाटल्या काढत होता. वर्तमानपत्रं आणि पितळ-तांबं तर घरातले लोक स्वतःच रद्दीवाल्याला देतात. म्हणजे मावशींच्या हाती लागायचं ते सगळ्यांनी हात मारून उरलेलं.

मावशी साठी ओलांडलेल्या, मूळच्या जालन्याकडच्या. मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांत मराठवाड्यातून आलेल्या दलित घरांतल्या खूप. 1972 च्या दुष्काळानंतर आलेल्यांची ही दुसरी-तिसरी पिढी. मावशी आणि त्यांची सून मुलुंडच्या डंपिंगवर वेचायच्या. 2018 साली ते डंपिंग बंद झालं. शहराच्या दृष्टीने चांगलंच झालं, पण तिथे वेचणाऱ्यांचं पुढे काय, हे ठरवल्याशिवायच झालं. देवनारला 2016 च्या मोठ्या आगीनंतर आत जाण्यावर बंधनं आली, तेव्हाही तेच. तिथून या बायका रस्त्यावरच्या डब्यांवर आल्या. तुम्ही बाहेरच्या कंपनीला कंत्राट देता तेव्हा त्यांच्या हातातला तो डबाही जातो.

म्हणून पहिलं काम हे, की जो माणूस आज वेचतोय त्यालाच विचारायचं. वॉचमन आणि झाडूवाल्याशी आधी उघड बोलायचं. आम्ही दोघांचा पगार महिन्याला चारशे रुपयांनी वाढवला आणि खोके-बाटल्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. हे पैसे वाचवायला गेलात तर पहिल्याच महिन्यात पुठ्ठा गायब होईल, आणि पुढे हिशेबात दिसेलच की पुठ्ठा गेला तर फारसं काही उरत नाही.

एकट्या बाईशी नको, संघटनेतून करार करा

मावशींशी तोंडी ठरवून काम सुरू करता येतं, पण त्या आजारी पडल्या किंवा दुसरा सेक्रेटरी आला की सगळं विस्कटतं. मुंबईत यासाठी संघटना आहेत. स्त्री मुक्ती संघटना 1975 पासूनची, आणि तिचा परिसर विकास हा कचरावेचक बायकांबरोबरचा कार्यक्रम 1998 पासून चालू आहे. तिथे या बायकांना परिसर भगिनी म्हणतात. अशा संघटनेशी लेखी करार केला की ओळखपत्र, प्रशिक्षण, बदली बाई आणि वाद झाला तर मध्यस्थ, या चारही गोष्टी मिळतात. फक्त आपल्या डब्यावर आधीपासून वेचणारीलाच सभासद करून घ्या, असा आग्रह धरा. आम्ही धरला, आणि मावशी व सून त्या मार्गाने आल्या.

सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर करून घ्या. त्यात कामाचे दिवस, वेळ, जागा, सेवाशुल्क आणि विकाऊ माल कोणाचा हे स्पष्ट लिहा. विकाऊ माल पूर्णपणे वेचणाऱ्यांचा, असं आमच्या करारात आहे. त्यावर आमच्याकडे दीड तास चर्चा झाली. एक काका म्हणाले, "आपला कचरा आहे, त्याचे पैसे आपल्याला मिळायला नकोत का?" कागदावर हिशेब मांडला तेव्हाच ते गप्प झाले.

हिशेब

तुमच्या सोसायटीचे आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच. दोन आठवडे नुसतं वजन करा. प्रत्येक प्रकार वेगळ्या गोणीत भरा, काट्यावर लटकवा, वहीत लिहा. आमच्याकडे आठवड्याला सुमारे 200 किलो सुका कचरा निघाला. त्यातला 120 किलो विकाऊ होता आणि 80 किलोला कोणी घेणारा नव्हता.

विकाऊ 120 किलो असे: पुठ्ठा 42 किलो, इतर कागद 20, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या 11, दुधाच्या पिशव्या 7, शांपूच्या बाटल्या-बादल्यांसारखं कडक प्लास्टिक 13, पत्रा-लोखंड 5, काच 14 आणि स्वच्छ पातळ पिशव्या 8 किलो. त्या वेळी जवळचा भंगारवाला पुठ्ठ्याला आणि कागदाला किलोला 8 रुपये देत होता, बाटल्यांना 20, दुधाच्या पिशव्यांना 15, कडक प्लास्टिकला 14, पत्र्याला 20, पातळ पिशव्यांना 4 आणि काचेला 1 रुपया. भाव सारखे बदलतात, तेव्हा हे आकडे नमुना म्हणूनच धरा. गुणाकार केला तर आठवड्याचे 1149 रुपये होतात, महिन्याचे जेमतेम पाच हजार. पैकी टेम्पोला आठवड्याला दीडशे, म्हणजे महिन्याला साडेसहाशे गेले. हातात 4300 च्या आसपास.

आता वेळ बघा. दोघी बायका आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. महिन्याचे मिळून 104 तास. भागाकार केला की तासाला 41-42 रुपये. एवढ्यात मुलुंडमध्ये एक वडापाव आणि चहा होईल, घर चालणार नाही.

"कचऱ्यात सोनं असतं" म्हणणाऱ्यांना हा भागाकार दाखवावा. सोनं असतं ते साखळीच्या वरच्या टोकाला. तीच बाटली मावशींकडून भंगारवाल्याकडे, तिथून मोठ्या गोदामात, मग साकीनाका किंवा धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये जाते. तिथे रंगानुसार निवडून, दळून, धुऊन तिचा दाणा होतो, आणि किंमत प्रत्येक हातात वाढत जाते. तळाला मिळतात फक्त वजनाचे पैसे. निवडण्याचे, आणि ज्याला भाव नाही तो माल हाताळण्याचे पैसे तिथे कोणीच देत नाही. 80 किलो निरुपयोगी कचराही याच बायका वेगळा करतात, आणि सोसायटीला खरी गरज त्याचीच असते.

म्हणून सेवाशुल्क लागतं. आम्ही दर घरामागे महिन्याला 60 रुपये धरले. 96 घरांचे 5760. विक्रीचे 4300 मिळवले की महिन्याला दहा हजार, तासाला साधारण 97 रुपये. प्रत्येकीला आठवड्याच्या बारा तासांच्या कामाचे महिना पाच हजार पडतात; उरलेले दिवस त्या शेजारच्या सोसायटीत जातात. हे शुल्क देखभाल खर्चात घाला, दारोदार मागायला लावू नका. आणि पैसे थेट प्रत्येकीच्या बँक खात्यात टाका. सुनेचे पैसे सासूच्या खात्यात नकोत, हे सूनच हळूच सांगून गेली.

जागा आणि टेबल

स्टिल्ट पार्किंगचा कोपरा चालतो. दहा बाय आठ फूट, वर छत, एक नळ, एक दिवा आणि कुलूप लागेल अशी जाळी. गोण्या जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या टाका; पावसाळ्यात खालची गोणी भिजते आणि भिजल्या पुठ्ठ्याचे पैसे भंगारवाला कापतो.

आणि शौचालय. कराराच्या मसुद्यात हा मुद्दा शेवटून दुसरा होता, मावशींनी तो पहिला वाचायला लावला. वॉचमनचं शौचालय बायकांना वापरता येईल असं कडी, बादली आणि साबणासकट करून द्या. सकाळी सहापासून अकरापर्यंत बाहेर असणारी बाई पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. मग लघवीला जळजळ सुरू होते, आणि दवाखान्यात गेलं की त्या दिवसाचा रोज बुडतो.

निवडायला टेबल करून घ्या. हा आमचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. अडीच-तीन फूट उंच, कडेला चार इंचांची पट्टी, वर लोखंडी जाळी. पिशवी जाळीवर उपडी केली की धूळ, काचेचा बारीक चुरा आणि पिना खाली पडतात, वर फक्त मोठा माल राहतो. उभ्याने काम होतं. आधी दोघी जमिनीवर उकिडव्या बसून निवडायच्या. सूनबाई चाळिशीचीही नाही, पण उठताना भिंतीला हात लावायची. टेबल वेल्डिंगवाल्याकडून चार हजारांत झालं.

घरांना काय सांगायचं

जास्त सांगू नका, तीन गोष्टी पुरे. पहिली: सुक्या पिशवीत ओलं नको. डाळ सांडलेली एक डबी दहा किलो पुठ्ठा वाया घालवू शकते, कारण ओला, वास येणारा पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. दुसरी: दुधाची पिशवी आणि हॉटेलातून आलेले काळे डबे एकदा पाण्यातून काढून द्या. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा; सुटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. तिसरी गोष्ट मी खाली वेगळी लिहितोय, कारण ती जिवाशी संबंधित आहे.

कोणती घरं ऐकत नाहीत हे कळायला युक्ती लागत नाही. पिशवीवर खोलीचा नंबर लिहायला सांगा, आणि पहिले दोन आठवडे समितीतला एक जण सकाळी टेबलाशी उभा राहू द्या. पिशवी उचलल्यावर जड लागली आणि तळाशी ओली असली की ती तशीच परत दारात. आम्ही एका डॉक्टरांची पिशवी परत पाठवली तेव्हा गोंधळ झाला, पण पुढे त्यांच्याच घरातून सगळ्यात नीट पिशव्या यायला लागल्या. एक मात्र पाळा: परत द्यायला समितीचा माणूस जाऊ दे. मावशींनी बेल वाजवून तक्रार करायची वेळ आणू नका. त्यांना दारात उभं करून बोलणारे लोक आमच्याच इमारतीत निघाले.

सुया, काचा आणि पॅड

दुसऱ्याच महिन्यात सुनेच्या तर्जनीत इन्सुलिनची सुई शिरली. पिशवीत बिस्किटाच्या वेष्टनाखाली होती, टोपण नव्हतं. तिने बोट तोंडात घातलं, साडीला पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. "रोजचंच आहे" म्हणाली. आम्हाला दुपारी कळलं.

असं झालं तर काय करायचं ते आता टेबलावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच महापालिकेच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. एचआयव्हीची शक्यता असल्यास गोळ्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्यानंतर उपयोग नाही. गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतात. जाण्याचा रिक्षाखर्च आणि त्या दिवसाची मजुरी सोसायटीने द्यायची, हे करारात घाला. नाहीतर कोणी जाणार नाही.

खरा उपाय घरातच आहे. मधुमेही घरांची यादी सोसायटीत सगळ्यांना तोंडपाठ असते. त्यांना सांगा, सुई जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत टाका, भरली की झाकण पक्कं करून वर लाल पट्टी लावा आणि सुक्या पिशवीत न टाकता वेगळी द्या. फुटलेली काच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून चिकटपट्टी लावून द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, त्यांत पारा असतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे. महापालिकेने 2025 पासून अशा सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र संकलन सुरू केलं आहे. त्यासाठी सोसायटीला नोंदणी करावी लागते. ती करा, म्हणजे हा कचरा निवडायच्या टेबलावर येणारच नाही.

हातमोज्यांबद्दल. सुरुवातीला आम्ही जाड चामडी मोजे आणले. आठवड्याने ते जाळीवर तसेच टांगलेले. मला वाटलं हट्ट आहे. मावशींनी एक पिशवी हातात चुरगळून दाखवली. "याचा आवाज ऐका. हा कुरकुर करतो तो वेगळा, हा मऊ आहे तो वेगळा. मोजे घातले की हाताला काही कळत नाही, मग सगळं एकात जातं आणि भाव एकाचाच मिळतो." दोन प्रकारचं प्लास्टिक हाताने ओळखणं हेच त्यांचं कौशल्य, आणि आम्ही तेच बंद करत होतो. मग तळव्याला आणि बोटांना रबराचा पातळ थर असलेले विणलेले मोजे आणले, बायकांच्या मापाचे. ते वापरतात. महिनाभर टिकतात, म्हणून वर्षाला प्रत्येकीचे बारा जोड धरा. हे मोजे सुई अडवत नाहीत, काच आणि पत्रा अडवतात. पायात बंद बूट हवेत, चपला नकोत.

लशींमध्ये धनुर्वात आणि कावीळ बी. कावीळ बी चे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसरा हमखास राहतो, म्हणून तारीख सोसायटीच्या कॅलेंडरवर लिहा. पावसाळ्यात लेप्टोची वेगळी भीती. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाला जखम असताना चालावं लागलं तर 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यायची. जुलैमध्ये मुलुंडमध्ये पाणी तुंबतंच, तेव्हा हे दरवर्षी होतं. कुत्रा चावला तर जखम 15 मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायची आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की थुंकीची तपासणी. ती फुकट होते.

काटा आणि उचल

माल विकताना नुकसान दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे काटा मारणं. लटकवायचा डिजिटल काटा पाचशे-सातशेला मिळतो. तो बरोबर आहे का हे बघायला लिटरच्या दहा बाटल्या पाण्याने भरून गोणीत घाला. दहा किलो आणि वर रिकाम्या बाटल्यांचं थोडं वजन दाखवलं पाहिजे. माल निघण्याआधी इथेच वजन करून वहीत लिहा. भंगारवाल्याचं वजन दर खेपेला दोन-तीन किलोने कमी आलं तर दुसरा भंगारवाला बघायचा. आमचा पहिला पुठ्ठ्यात "ओल" म्हणून दर 40 किलोला 4 किलो कापायचा, उन्हाळ्यातसुद्धा.

दुसरी जागा म्हणजे उचल. मावशी दुसऱ्याकडे माल द्यायला तयार होईनात. महिन्याने कळलं की नातवाच्या दवाखान्यासाठी त्याच भंगारवाल्याकडून बारा हजार उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत माल त्यालाच द्यायचा, तो सांगेल त्या भावाने. या धंद्यात हे सर्रास आहे. भंगारवाला फक्त गिऱ्हाईक नसतो, तो या बायकांची बँकही असतो, आणि रात्री अकराला पैसे देणारा दुसरा कोणी नसतो हेही खरं. त्यामुळे त्याला शिव्या देऊन काही होत नाही. आम्ही सोसायटीतून बारा हजार बिनव्याजी आगाऊ दिले आणि सेवाशुल्कातून महिन्याला हजार कापले. वर्षाने उचल फिटली. माल दुसरीकडे नेल्यावर बाटल्यांना किलोमागे चार रुपये जास्त मिळाले. पुढे संघटनेच्या बचत गटातून दोघी कर्ज घेऊ लागल्या.

उरलेले 80 किलो

बिस्किट-वेफर्सची चकचकीत वेष्टनं, थर्माकोल, फाटके कपडे, चपला, तेलकट कागद. वेष्टनात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भाव नाही. कपड्यांपैकी वापरण्यासारखे वेगळे काढता येतात. बाकी सगळं महापालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत. ही गाडी ठरल्या दिवशी येते की नाही हे समितीने बघायचं, मावशींनी नाही. आली नाही तर 1916 वर तक्रार आणि वॉर्ड ऑफिसात घनकचरा विभागाला लेखी पत्र. उरलेला कचरा कोपऱ्यात साचू लागला तर व्यवस्था कोलमडतेय असं समजा. आमच्या आधीच्या कंपनीने नेमकं हेच केलं होतं.

महापालिकेची सुका कचरा वर्गीकरण केंद्रंही आहेत, आणि त्यांतली काही कचरावेचकांच्या संघटना चालवतात. तुमच्याकडे जागा नसेल तर निवडणं तिथे करता येतं का, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना 2017 पासून महापालिकेने ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे, त्यांना या विभागाशी तसंही बोलावं लागतं.

कागदपत्रं

2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचक कोण याची व्याख्या आली, आणि त्यांच्या संघटनांना ओळख देऊन घरोघरच्या संकलनात सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे घनकचरा नियम आले आहेत, तेव्हा वॉर्ड ऑफिसात बोलताना चालू नियमांचा आधार घ्या. पण रस्त्यावर पोलिसाने किंवा दुसऱ्या सोसायटीच्या वॉचमनने अडवलं तर नियमाची प्रत कामाला येत नाही, फोटोचं ओळखपत्र येतं. संघटनेचं ओळखपत्र आणि सोसायटीच्या लेटरहेडवर "या आमच्याकडे सुका कचरा गोळा करतात, गोणीतला माल त्यांचा आहे" असं शिक्क्यासह पत्र, दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या. भंगार घेऊन जाणाऱ्या बाईवर चोरीचा संशय घ्यायला वेळ लागत नाही.

नंतर योजना. एक सुट्टी काढून समितीतल्या कोणीतरी बरोबर जावं, कारण एकेक कागद अडकतो. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीला वय 16 ते 59 लागतं. सुनेची झाली, मावशींची नाही, त्यांचं वय 62. सुनेचीही पहिल्या फेरीत झाली नव्हती, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. आधी आधार केंद्रात नंबर बदलला, मग नोंदणी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र 18 ते 70 वयाला चालते, वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. विमा 1 जून ते 31 मे असतो, तेव्हा मे अखेरीला खात्यात पैसे आहेत ना ते बघा. रुग्णालयाच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्यासाठी रेशनकार्डावर नाव हवं, आणि सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर होतं. गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या नमस्ते योजनेत 2024 पासून कचरावेचकांनाही घेतलं आहे, त्यासाठी नोंदणी चालू असेल तर संघटनेमार्फत नावं द्या. मुलं शाळेत असतील तर आरोग्याला धोका असलेल्या सफाईच्या कामांतल्या पालकांच्या मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती विचारा. कचरावेचकांची मुलं त्यात बसतात. मुख्याध्यापकांना ती माहीत नसते, छापील माहिती घेऊन जा.

भाव पडला की, आणि गावाला गेल्या की

पुठ्ठ्याचा भाव वर्षात निम्म्यावर येऊ शकतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात तो 8 वरून 5 वर आला. आठवड्याला 42 किलोमागे 126 रुपये, महिन्याला साडेपाचशे गेले. करारात आम्ही एक ओळ नंतर घातली: तीन महिन्यांची सरासरी विक्री 4000 च्या खाली गेली तर फरक सोसायटी भरेल. आतापर्यंत दोनदा भरला, एकदा 380 आणि एकदा 610. वही नीट असली तरच हे जमतं, म्हणून वजन लिहिण्याचा कंटाळा करू नका.

दिवाळीत कचरा दुप्पट होतो, खोके आणि थर्माकोलमुळे. त्या आठवड्यात तीनऐवजी पाच दिवस काम आणि त्याचे जादा पैसे आधीच ठरवा. आणि एप्रिल-मेमध्ये मावशी महिनाभर गावाला जातात. त्यांच्या जागी कोण येणार हे त्यांनीच सांगायचं, आणि त्या महिन्याची विक्री व शुल्क बदली बाईच्या खात्यात. पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो आणि तीन आठवडे कोपरा भरत राहिला. आता मार्चमध्येच बदली बाई दोन दिवस येऊन सुनेबरोबर टेबलाशी उभी राहते, म्हणजे तिला कुठल्या गोणीत काय जातं आणि कोणत्या मजल्यावरून ओल्या पिशव्या येतात ते ठाऊक होतं. यंदा येणारी मावशींची भाची आहे, मुलुंड डंपिंगवर त्यांच्याच शेजारी वेचायची.